आश्रुबाचा हात आणि वडलांचा तुंबा

आश्रुबाच्या हाताला गुण आहे, ही गोष्ट गावात सगळ्यांत आधी आश्रुबानंच सांगितली. पुढं ती इतक्या वेळा सांगितली की लोकांना वाटायला लागलं, आपल्यालाही हे आधीपासून माहीत होतं. सोनपेठेकडच्या त्या नदीकाठच्या गावात मग पद्धतच पडून गेली. कुणाला वांग्या-मिरचीचं रोप टाकायचं असलं की वाफा तयार करायचा आणि आश्रुबाला बोलवायचं. आश्रुबानं आंघोळ करून, पटका बांधून यायचं, चिमूटभर बी पहिल्या ओळीत सोडायचं, गूळ-पाणी घ्यायचं आणि जायचं. बाकीचा सगळा वाफा ज्याचा त्यानं टाकायचा. रोप उगवलं तर आश्रुबाचा हात. नाही उगवलं तर, "माझ्या मागून कोण हात लावला रं वाफ्याला? खरं सांग!" असं आश्रुबा त्यालाच दरडावून विचारायचा, आणि तो बिचारा घरातल्या कुणाकुणाची नावं आठवत बसायचा.

पन्नाशीला आलेला, उंचापुरा, आवाजानं भारी माणूस. हळू बोलणं त्याच्या बापजन्मात जमलं नव्हतं. घरात एक विहीर, एक मोट, दोन बैल आणि विहिरीपाशी मिरचीच्या रोपाचे वाफे. या वाफ्यांतलं रोप न्यायला चार गावचे लोक यायचे आणि आश्रुबा त्यांना रोपाआधी तुंबा दाखवायचा.

तुंबा म्हणजे वाळवलेल्या दुध्या भोपळ्याचं, वरून बूच मारलेलं भांडं. त्याच्या वडलांचा. म्हातारा रझाकारीच्या आधल्या साली गेला, आणि जाताना हा तुंबा मिरचीच्या बियानं भरून ठेवून गेला. तेव्हापासून आश्रुबा दर साली रोप टाकायला त्यातलंच बी काढायचा. "आणि बगा," तुंबा कानाशी खुळखुळवून तो सांगायचा, "इतकी सालं झाली, मुठीच्या मुठी काढायलोय, पर तुंबा हाय तसाच भरल्याला. बरकत म्हणत्यात ती ही. वडलांचा हात ह्याच्यात, आन् त्यांच्यावरून माझा." लोक माना डोलवायचे. त्याची बायको चतुराबाई तेवढ्यात काहीतरी काम आठवून आत निघून जायची.

चतुराबाई ठेंगणी, कामाला वाघीण, आणि नवऱ्याच्या उलट, आवाज असून नसल्यासारखा. लोक म्हणायचे, हिला बोलायला येतंच नाही. येत होतं. पण आश्रुबा बोलायचा थांबल्याशिवाय बोलायचं कसं, हा तिचा प्रश्न होता.

त्या साली परभणी जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्याला जोडला गेला होता आणि आश्रुबाच्या घरात दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे पोरगी कोकिळा दुसऱ्यांदा गरवार राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, पण दुसऱ्या खेपेला सासरचं घर सोडून येणं तिला जमण्यासारखं नव्हतं. सासू वारलेली, घरात सासरा, नवरा आणि दोन दीर, भाकरी थापायला दुसरं कुणी नाही. तेव्हा चतुराबाईनंच गंगाखेडाच्या पलीकडं लेकीच्या घरी जायचं ठरलं.

दुसरी गोष्ट म्हणजे लेकीच्या सासऱ्यानं, व्यंकटरावानं, नवी विहीर पाडली आणि तिला पाणी लागलं. व्याही म्हणजे तिकडच्या बोलीत ईवाई. हा ईवाई घरंदाज, कमी बोलणारा, आणि लग्नात मानपानावरून एकदा रुसलेला होता. तेव्हापासून आश्रुबा त्याच्यापुढं जरा जास्तच छाती काढून वागायचा. विहिरीला पाणी लागल्याची बातमी कळली तशी आश्रुबा तिकडं गेला आणि भर बैठकीत म्हणाला, "ईवाई, मिरची लावायची ना? रोपाची काळजी करू नगा. शिवरातीच्या आधी गाडीभर रोप आणून टाकतो दारात. आश्रुबाच्या हाताचं!"

"गाडीभर?" व्यंकटरावानं विचारलं.

"गाडी कमी पडली तर दोन!"

व्यंकटरावानं त्या भरवशावर गाडीभर रोपाला पुरेल एवढी जमीन नांगरून, सऱ्या पाडून तयार ठेवली. भाऊबंदांत सांगूनही टाकलं. आता लेकीच्या सासऱ्याला दिलेला शब्द म्हणजे काय असतो, हे ज्याला लेक आहे त्याला सांगायला नको. तो मोडला तर टोमणा आपल्याला बसत नाही, चुलीपुढं बसलेल्या पोरीला बसतो, आणि आयुष्यभर बसतो. आश्रुबाला हे नीट ठाऊक होतं. पण हात आपला आहे म्हटल्यावर भ्यायचं कशाला?

जायच्या दिवशी गाडीत बसता बसता चतुराबाई म्हणाली, "आवो, रोप टाकायची घाई करू नगा. थंडी लय हाय. मी सांगावा धाडीन तवा टाका. आन् बी चुलीपाशी गाडग्यात राखेत घालून ठेवलंय, त्यातलं घ्या."

"गाडग्यातलं?" आश्रुबा उखडला. "वडलांचा तुंबा असताना? तू पोरीचं बग. बी उगवायला तुजी वाट बगत बसतंय व्हय?"

चतुराबाई पुढं काही बोलणार होती, पण बैल हलले.

दुसऱ्याच दिवशी आश्रुबानं बेत धरला. वाफा खणला, नारळ फोडला, तुंबा काढला. शेजारच्या मळ्याचा सटवाजी बांधावर येऊन बसला. हा सटवाजी म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा सोबती. बोलणं तिरकं, पण वेळेला धावून येणारा. आश्रुबानं पटका सावरला आणि एकेका बियाला बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत खाली दाबत ओळ धरली.

"इतकं खोल?" सटवाजीनं विचारलं.

"पाखरं उकरत्यात वरलं. आन् मूळ खोल गेलं पायजे. मी दरसाल असंच टाकतो."

ते खरंच होतं. दर साली तो असंच टाकायचा. टाकून झालं की पारावर जायचा, कुठल्या मुहूर्तावर टाकलं ते दिवे लागेपर्यंत सांगत बसायचा, आणि चार-आठ दिवसांनी येऊन बघावं तर वाफा हिरवागार. मधल्या वेळात काय होतं, हे बघायची गरज त्याला कधी पडली नव्हती.

या खेपेला आठवडा गेला, दुसराही गेला. वाफा टक्कल पडलेल्या डोक्यासारखा कोरडा ठाक. आश्रुबा रोज सकाळी जाऊन उकिडवा बसायचा, डोळे बारीक करून बघायचा. एकदा हिरवं दिसलं म्हणून त्यानं "उगवलं रं!" अशी हाळी दिली. सटवाजी धावत आला. ते हरळीचं पातं होतं.

शेवटी त्यानं एक ओळ उकरून पाहिली. बी जसंच्या तसं. ना फुगलेलं, ना फुटलेलं, तपकिरी पडून सुकून बसलेलं.

सटवाजीनं एक बी उचलून दाताखाली धरलं. "आश्रुबा, ह्ये कवाचं रं?"

"वडलांच्या हातचं."

"मंजी निजामाच्या राज्यातलं. मग तर झालंच की! बी हैदराबादचं आन् राज्य मुंबईचं. ते कसं वळखावं आता कुणासाठी उगवायचं ते?"

"गप ऱ्हा! दर साली उगवतंय. ह्या खेपेलाच कामून उगवंना?"

 याचं उत्तर आश्रुबानं आपल्यापरीनं शोधून काढलं. दृष्ट लागली. मग त्यानं वाफ्याच्या चार कोपऱ्यांना लिंबू-मिरच्या बांधल्या. उगवायच्या मिरचीला राखण म्हणून वाळलेली मिरची बांधलेली बघून सटवाजीला हसू आवरेना, तो बांधावर लोळला.

इकडं गंगाखेडाहून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर निरोप यायला लागले. पहिला निरोप, कोकिळेला मुलगा झाला. आश्रुबानं गावभर साखर वाटली. दुसरा निरोप व्यंकटरावाचा: रोप कसं काय आहे? आश्रुबानं सांगून धाडलं, "फस्कलास हाय." आणि तसाच मागल्या दारानं मळ्यात पळाला.

आता त्यानं मन घट्ट करून चुलीपाशी जाऊन गाडगं उघडलं. राखेत ठेवलेलं बी पिवळं, टवटवीत दिसत होतं. "वडील माफ करा," म्हणून त्यानं ते घेतलं आणि दुसरा वाफा टाकला. पण बोटाचं पेर काही सोडलं नाही. उलट या वेळी आणखी जरा खोल, कारण थंडीत वर गार लागेल, खाली ऊब असेल, असा त्यानं मोठाच शोध लावला होता. वरून चिखल लिंपला. दोन दिवसांनी उन्हानं त्या काळ्या मातीची खापरी झाली. तिच्यावरून मांजर चाललं तरी ठसा उमटत नव्हता, तर खालच्या एवढ्याशा बियानं डोकं कुठून काढावं?

ती खापरी बघून आश्रुबाला वाटलं, पाणी कमी पडतंय. हे मात्र त्याला मनापासून पटलं. तिसरा वाफा त्यानं सटवाजीच्या सांगण्यावरून वरच्यावर, नुसतं फोकून टाकला आणि मोट जुंपली. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. दांड फोडून सरळ वाफ्यातच. वाफ्याचं तळं झालं. बेडकानं येऊन मुक्काम ठोकला.

"ह्यात आता भात लाव," सटवाजी म्हणाला. "ईवायाला तांदूळ दे."

त्यातलं बी फुगलं खरं. एकदोन दिवस आश्रुबाचा जीव आनंदानं थाऱ्यावर नव्हता. मग त्यानं एक दाणा चिमटीत धरला, तर फस्सकन पाणी बाहेर आलं आणि वास सुटला. सगळं नासलं होतं. वर पौषातली थंडी अशी की पहाटे बैलांच्या अंगावर झूल टाकावी लागत होती. आश्रुबा स्वतः घोंगडं पांघरून, शेकोटीशी बसून उघड्या, ओल्या, गारठलेल्या वाफ्याकडं बघत राहायचा आणि बी उगवत का नाही म्हणून देवाला जाब विचारायचा.

आता त्याला खरोखर भीती वाटायला लागली. हात गेला, असं त्याला वाटलं. तो रात्रंदिवस आपला उजवा पंजा उलटा-सुलटा करून बघायचा.  कोकिळा डोळ्यांपुढं यायची: ओली बाळंतीण पोरगी, आणि ओसरीवरून कुणीतरी म्हणतंय, तुझ्या बापाची गाडी कुठं अडकली गं? याच दिवसांत कुणीतरी आपल्या वाफ्याला हात लावायला बोलवायला आला, तर आश्रुबानं अंगात ताप असल्याचं सांगितलं आणि खरं वाटावं म्हणून भर दुपारी घोंगडं घेऊन झोपला.

शेवटचा उपाय म्हणून तो डोक्यावरून धोतराचा सोगा घेऊन, तोंड झाकून गंगाखेडाच्या बाजारात रोप विकत आणायला गेला. दुसऱ्याचं रोप गाडीत भरून आपलं म्हणून नेऊन टाकायचं, दुसरं काय करणार? एका कोपऱ्यात छबूबाई माळीण वांग्याच्या रोपाच्या जुड्या घेऊन बसली होती. आश्रुबानं आवाज बारीक काढून विचारलं, "बाई, मिरचीचं रोप हाय का?"

छबूबाईनं मान वर केली. "आश्रुबा भाऊ, तुमी व्हय! आवो मिरचीचं रोप ह्या थंडीत कुणाचंच न्हाई. मीच तुमच्याकडं यायलते न्यायला! तुमच्या हातचं तरी आलं असंल म्हनलं."

"आलंय की," आश्रुबा म्हणाला. "लय आलंय." आणि वांग्याच्या रोपाची जुडी घेऊन घरी आला.

तेवढ्यात बारशाचं आवतण आलं. सव्वा महिन्यानं, विटाळ फिटल्यावर, व्यंकटरावानं थाटात बारसं करायचं ठरवलं होतं. आश्रुबा गाडी जुंपून निघाला. गाडीत अंगडं-टोपडं, चांदीचे वाळे आणि लुगडं होतं. रोप नव्हतं. सगळ्या वाटेनं तो कारणं जुळवत होता. रस्त्यात गाडी उलटली म्हणावं, की गाईनं खाल्लं म्हणावं? गाय पुरली नसती, गाडीभर रोप म्हणजे कळपच लागला असता. गोदावरीच्या उतारात पाणी बघून तर त्याच्या मनात आलं, रोप वाहून गेलं म्हणावं. पण पाणी घोट्याएवढं होतं.

दारात गाडी थांबली तर चतुराबाईच पुढं आली. तिनं गाडीत एक नजर टाकली, नवऱ्याच्या तोंडाकडं दुसरी टाकली, आणि ईवाई ओसरीवरून उठायच्या आत, "आवो, बैलं जरा गोठ्यात बांधा," म्हणत त्याला मागं घेऊन गेली.

गोठ्यात आश्रुबाचा बांध फुटला. एवढा मोठा माणूस, पण खुंट्याला टेकून लहान पोरासारखा बोलायला लागला. "कोकीचे माय, माजा हात गेला. तीनदा टाकलं. एक दाणा न्हाई उगवला. आता ईवायाला काय तोंड दावू? पोरीचं कसं व्हायचं?"

"कोनतं बी घेतलं?"

"पयलं वडलांच्या तुंब्यातलं..."

चतुराबाईनं कपाळाला हात लावला. "सांगितलं व्हतं ना मी! आवो, तुंब्यातलं बी मेलंय. कवाच. मिरचीचं बी दोन-तीन सालं कसंबसं दम धरतं, पुढं न्हाई. मामंजींचं बी संपूनसुदिक लय सालं झाली. तुंबा रिकामा दिसला तर तुमी जेवणार न्हाईत, म्हणून दर साली उरल्यालं, दम गेल्यालं शिळं बी मीच त्यात लोटत आले."

आश्रुबा बघतच राहिला. "मंजी... बरकत?"

"मीच."

"आन् मग दर साली उगवायचं ते?"

आता सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. चतुराबाईनं आवाज आणखी खाली नेला. आश्रुबा वाफा टाकून पारावर गेला की ती त्याच्या मागून वाफ्यावर यायची. आधी बी ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या कडेला, ऊब लागेल पण भाजणार नाही अशा जागी ठेवलेलं असायचं. पांढरा कोंब डोकावला की ते वरच्यावर ओळीनं टाकायचं. वर चाळलेलं शेणखत, नखाएवढा थर, बस्स. "एवढंसं त्याचं अंग, त्याच्यावर तुमच्या बोटाएवढी माती! त्यानं किती ढकलावं?" पाणी दांडानं नाही, तांब्यात हात बुडवून शिंपडायचं. माती मुठीत धरली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. "बीसुदिक श्वास घेतं, आवो. चिखलात गुदमरतं." आणि थंडीचे दिवस असले की वर कडबा अंथरून रात्री जुनं लुगडं टाकायचं, उगवलं की कडबा काढायचा. "तुमाला घोंगडं लागतं आन् त्याला न्हाई लागत व्हय?"

"मग तू मला कामून न्हाई सांगितलं?" आश्रुबा ओरडला. बैलानं कान टवकारले.

"कवा सांगू? तुमी बोलायचं थांबलात तर!" चतुराबाई पहिल्यांदाच जोरात बोलली आणि मग स्वतःच दचकली. "आन् तुमी पटका बांधून, तुंबा घेऊन निघाला की... मला बरं वाटायचं बगायला. म्हणून बी न्हाई सांगितलं."

 राग यायला हवा होता आणि तो येत होता, पण कुणावर काढावा तेच कळेना. एवढ्या सालांचा मान, एवढं गूळ-पाणी, सगळं या ठेंगण्या बाईचं! त्याला लाज वाटली. अगदी कानापर्यंत लाज वाटली.

"चला," चतुराबाई म्हणाली. "आता विहिरीवर चला. ईवाई दावत्याल ते बगा. आन् तोंड मिटून ऱ्हावा."

विहिरीवर गेले तर काय! चार लांबलचक वाफे मिरचीच्या रोपानं हिरवेगार झालेले. चार-चार बोटं उंच, काळपट हिरवं, एकसारखं. आश्रुबाचे डोळेच विस्फारले.

झालं होतं असं. नवऱ्याला ओळखून चतुराबाईनं येतानाच ताज्या बियाची पुरचुंडी कमरेला बांधून आणली होती. नातू झाला, कोकिळेच्या बाजेखाली शेगडी ठेवली गेली, खोलीत तान्ह्या जिवाला सोसेल अशी ऊब राहू लागली. चतुराबाईनं ओल्या फडक्यातलं बी त्याच खोलीत, शेगडीपासून हातभर लांब टांगलं. बघायला आलेल्या बायांना वाटलं, बाळाच्या नजरेची पुरचुंडी आहे. दोघीतिघींनी त्या पुरचुंडीला हळद-कुंकूही वाहिलं. चार-पाच दिवसांत पांढरे कोंब दिसले आणि तिनं कोकिळेच्या धाकट्या दिराकडून वाफे करून घेतले. व्यंकटरावानं विचारलं, हे कुठलं बी? तेव्हा ती पदर सावरून म्हणाली, "कोकीच्या बापानं हात लावून दिलंय."

व्यंकटराव आश्रुबाचा हात धरून वाफ्यांभोवती फिरवत होता. "ईवाई, मानलं तुमाला! इथं आमच्या भावकीत कुणाचं रोप साधलं न्हाई ह्या थंडीत. गाडी कशाला लागती म्हणा, तुमी नुसता हात लावून बी धाडलं तर इथं बसल्या उगवतंय!"

आश्रुबानं तोंड उघडलं. चतुराबाईनं डोळे मोठे केले. त्यानं मिटलं.

पण दुपारी बारशाला पंगत बसायच्या आधी व्यंकटरावानं भर मांडवात भावकीसमोर त्याला उभं केलं आणि नवा कोरा जरीचा फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला. "हा आमच्या ईवायाच्या हाताचा मान." आश्रुबाला तो फेटा दगडासारखा जड वाटला. दरवाजाआड कोकिळा बाळ घेऊन उभी होती, बापाकडं बघून हसत होती. त्याला वाटलं, आता नाही बोललो तर पुन्हा कधीच बोलायचा नाही.

"मंडळी," तो त्याच्या नेहमीच्या गडगडाटी आवाजात म्हणाला, "खरं सांगतो. ह्या रोपाला माजा हात लागला न्हाई. ह्याला काय, आजवर कोनत्याच रोपाला लागला न्हाई. माजं तिकडं तीन वाफं वाया गेलं. ह्ये समदं कोकीच्या मायचं हाय. बी तिचं, खत तिचं, ऊब तिची. मी नुसता पारावर बसून बोलत व्हतो!"

 व्यंकटराव गहिवरून पुढं झाला आणि त्यानं आश्रुबाला मिठी मारली. "बगा! बगा, ह्याला म्हणत्यात मोठ्या मनाचा माणूस! सोताचा मान बायकोच्या पदरात घालायलाय!"

"न्हाई वो, खरंच..."

"लग्नात मी तुमाला गर्विष्ठ समजलो व्हतो, ईवाई. माफ करा."

"आवो, ऐका तरी! तीन वाफं! बेडूक झालते त्यात!"

सगळा मांडव हसला. कुणीतरी टाळी दिली. म्हातारे म्हणाले, इतका हात असून इतकी नम्रता कुठं बघायला मिळते आजकाल. आश्रुबानं आयुष्यभर थापा मारल्या त्या लोकांनी डोळे झाकून खऱ्या मानल्या, आणि आज देवाशप्पथ खरं बोलला तर एकालाही पटेना. तो हताश होऊन खाली बसला. आत चतुराबाई तोंडात पदर कोंबून हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले होते ते पुसतही नव्हती.

परतीच्या वाटेवर आश्रुबा गोदावरी ओलांडेपर्यंत काही बोलला नाही. चतुराबाईला काळजीच वाटली. तिनं कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. पलीकडच्या काठाला गाडी लागल्यावर त्यानं डोक्यावरचा फेटा काढला, नीट घडी केली आणि तिच्या मांडीवर ठेवला. "ह्यो तुजा. कुणी मानो न मानो."

"मला काय करायचाय बाई फेटा?"

"वाफ्यावर अंथर थंडीचा," आश्रुबा म्हणाला. "जरीचा हाय, ऊबदार असंल."

पुढच्या साली रोप टाकायची वेळ आली तशी त्यानं तुंबा खाली काढला, त्यातलं सगळं शिळं बी उकिरड्यावर ओतलं आणि क्षणभर हात जोडले. मग गाडग्यातलं ताजं बी तुंब्यात भरलं. चतुराबाईच्या समोर बसून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा नखाएवढ्या खोलीवर बी टाकलं. तीनदा तरी तिनं त्याच्या हातावर चापट मारली, बोट खाली जायला लागलं की. तांब्यानं शिंपडताना तो आणखी एक तांब्या आणायला निघाला, तर तिनं तांब्याच काढून घेतला. अर्धा वाफा तिनं टाकला, अर्धा त्यानं. तिचा आधी उगवला. त्याचा जरा मागून, जागोजागी विरळ, पण उगवला. वाकलेल्या मानेची ती एवढीशी रोपटी माती सारून वर आलेली बघून आश्रुबा गुडघ्यावर बसला आणि कितीतरी वेळ बसून राहिला. पारावर सांगायला गेला नाही.

असंच एक दिवस सटवाजी बोलवायला आला. "चल रं आश्रुबा, वाफा तयार हाय. हात लाव."

"हिला इचार," आश्रुबा म्हणाला. "ही आली तर मी येतो."

"तिला कशाला? हात तुजा हाय ना?"

आश्रुबानं समजवायचं सोडून दिलं होतं. त्यानं नुसतं चतुराबाईकडं पाहिलं. चतुराबाईनं हातातलं काम टाकलं, पदर खोचला आणि वाटेला लागली. त्या गावात बाप्या पुढं आणि बाई चार पावलं मागं, अशीच चाल होती. त्या दिवशी मात्र पारावर बसलेल्या लोकांनी पाहिलं ते भलतंच: पुढं चतुराबाई झपाझपा चाललेली, आणि मागं पटका बांधलेला आश्रुबा, दोन्ही हातांत तुंबा सांभाळत.

"आरं आश्रुबा, ह्ये काय? तू मागं?" कुणीतरी पारावरून ओरडलं.

"बगता काय," आश्रुबानं तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं. "हात पुढं चाललाय. मी नुसता तुंबा धरायला हाय."

पारावर हशा पिकला. आश्रुबा पुन्हा थापा मारायला लागला, असं लोक म्हणाले.